मदत हवी आहे: संक्रांत होऊन गेली तरी मुंबईत सूर्य उशिरा का उगवतोय? आणि गुवाहाटीच्या कामाला कोणती वेळ ठेवू?

झुलेवाला
नमस्कार मंडळी. माझं बाहेरच्या भिंतींचं वॉटरप्रूफिंग आणि पेंटिंगचं छोटं काम आहे, ११ माणसं, दोन झुले. सध्या चेंबूरला एका सोसायटीत १४ मजल्यांची बिल्डिंग चालू आहे. काम नोव्हेंबरच्या शेवटी चालू केलं तेव्हा हजेरी ६:४५ ला ठेवली होती, छान उजेड असायचा, माणसं बेल्ट वगैरे लावून सातला वर. मी विचार केला की २१ डिसेंबरला दिवस सगळ्यात लहान, त्यानंतर वाढणारच, आणि आपल्याकडे म्हणतातच की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, म्हणून १५ जानेवारीपासून हजेरी ६:३० केली. तर आता माणसं येतात आणि अंधारात बसून राहतात, सातला सुद्धा वरच्या भिंतीची क्रॅक दिसत नाही. झुल्यावर अंधारात मी कुणाला चढवत नाही, त्यामुळे रोज अर्धा तास ११ माणसांचा चहात जातो. मुकादम मला म्हणतो साहेब सूर्याला सांगून बघा.

दुसरं, १० फेब्रुवारीपासून माझ्या मेव्हण्याचं गुवाहाटीला काम आहे, माझीच सहा माणसं जाणार. तिथे हाच टाइमटेबल लावायचा का? कुणीतरी म्हणालं तिकडे लवकर उजाडतं, किती लवकर ते कुणाला माहीत नाही.

सुलभाताई
उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू होतं, संक्रांतीची तारीख त्यापासून पुढे सरकली आहे, एवढं आधी नीट करा. पण मी शिवाजी पार्कला रोज सकाळी फिरायला जाते आणि दर जानेवारीत हेच बघते, डिसेंबरपेक्षा जानेवारीत जास्त अंधार असतो. आमच्या ग्रुपमधल्या बायका म्हणतात थंडीमुळे तसं वाटतं. वॉकची वेळ आम्ही बदलत नाही, टॉर्च घेऊन जातो. तुम्हीही माणसांना हेडलाइट द्या ना.

झुलेवाला
ताई, वॉक आणि चौदाव्या मजल्यावर दोराला लटकणं यात थोडा फरक आहे :) हेडलाइटने भिंतीचा एक तुकडा दिसतो, आजूबाजूला काळोख. नको.

आयएसटी_चा_बळी
सोपं आहे. भारताची घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत, मुंबई ७३ च्या आसपास, म्हणजे साडेनऊहून थोडे जास्त अंश पश्चिमेला, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपण ३९ मिनिटं मागे. आपला खरा मध्यान्ह बाराला नाही, १२:३९ ला. म्हणून सगळं उशिरा. माझे आजोबा सांगायचे, मुंबईत १९५५ पर्यंत वेगळा बॉम्बे टाइम चालायचा, बरोबर ३९ मिनिटं मागे. तो ठेवला असता तर तुमची माणसं अंधारात बसली नसती.

झुलेवाला
पण मुंबई नोव्हेंबरमध्येही तिथेच होती ना भाऊ. ३९ मिनिटं तेव्हाही होती. तेव्हा ६:४५ ला उजेड, आता नाही. हे कसं?

छायायंत्र
झुलेवाल्यांचा प्रश्न नेमका आहे आणि आयएसटीवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. ३९ मिनिटं ही वर्षभराची सरासरी. मध्यान्ह स्वतःच मागेपुढे सरकत राहतो, आणि तुमची फसगत तिथे झाली.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा. मुंबईचा २३ नोव्हेंबरचा सूर्योदय साधारण ६:५० आणि सूर्यास्त ६ ला एखादं मिनिट कमी. आता २० जानेवारी बघा: सूर्योदय ७:१५, सूर्यास्त ६:२४. दोन्ही दिवसांची लांबी मोजा. दोन्ही ११ तास ९ मिनिटांच्या आसपास! सूर्य दोन्ही दिवशी आकाशात जवळपास त्याच वाटेने जातो, एकदा दक्षिणेकडे उतरताना, एकदा परत येताना. दिवस तेवढाच, फक्त अख्खा दिवस घड्याळावर २४-२५ मिनिटं पुढे ढकललेला. उदय आणि अस्ताची मधली वेळ काढलीत तर नोव्हेंबरमध्ये १२:२५ येईल आणि आत्ता १२:४९.

असं होतं कारण खरा सूर्य बरोबर २४ तासांनी डोक्यावर येत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि कक्षेत जोरात धावत असते, त्यात अक्ष कललेला, दोन्ही मिळून डिसेंबरअखेरीस एका मध्यान्हापासून दुसरा मध्यान्ह २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद घेतो. रोज अर्धा मिनिट म्हणजे महिन्याला १३-१४ मिनिटं. आता २१ डिसेंबर ते २० जानेवारी हा महिना घ्या. मध्यान्ह १३ मिनिटं उशिरा गेला. दिवस वाढला, पण मुंबईत महिन्याभरात फक्त १० मिनिटं, त्यातली ५ सकाळच्या वाट्याला. सकाळी १३ उशीर वजा ५ फायदा, म्हणजे सूर्योदय ७:०७ वरून ७:१५. संध्याकाळी १३ अधिक ५, म्हणून सूर्यास्त ६:०६ वरून ६:२४. तीळ वाढतात, पण सगळे संध्याकाळच्या वाटीत पडतात.

सुलभाताई
म्हणजे थंडीमुळे नाही! ग्रुपवर टाकते हे.

एडिनबरावाला
मी इथे स्कॉटलंडमध्ये छपरांच्या कामावर सुपरवायझर आहे, मूळचा लालबागचा. छायायंत्र म्हणतात तो प्रकार इथे फारसा जाणवत नाही. आमचा सगळ्यात उशिराचा सूर्योदय डिसेंबरच्या अगदी शेवटी होतो आणि मग सुधारायला लागतं. मुंबईत तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत का लांबतो हे मला लहानपणापासून कळलं नव्हतं.

इथली गंमत वेगळी. डिसेंबरात पावणेनऊला सूर्य येतो आणि पावणेचारच्या आत गेलेला असतो, पण उगवायच्या पाऊण तास आधीपासून कामापुरता उजेड असतो कारण सूर्य तिरका तिरका वर येतो. आणि मार्चमध्ये दिवस रोज साडेचार मिनिटांनी वाढतो, आठवड्याला अर्धा तास! एकच हजेरीची वेळ महिनाभर ठेवली की फुकट जाते. त्यात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि सकाळ परत काळोखी.

छायायंत्र
बरोबर, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. मध्यान्ह सरकणं जगभर सारखंच. पण दिवस वाढायचा वेग जागेनुसार, तुमच्याकडे मार्चमध्ये रोज साडेचार मिनिटं तर मुंबईत जेमतेम एक. उत्तरेला दिवसाची वाढ त्या अर्ध्या मिनिटाला लगेच गिळून टाकते, मुंबईत महिनाभर झगडत बसते. सिंगापूरला तर दिवसाची लांबी बदलतच नाही म्हणा, तिथे सूर्योदय वर्षभरात अर्धा तास हलतो तो निव्वळ या मध्यान्हामुळे.

झुलेवाले, कामाचं बोलू. मुंबईत पहाटेचा वापरता येण्यासारखा उजेड सूर्योदयाच्या २३-२४ मिनिटं आधी सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये तो ६:२७ ला यायचा, म्हणून ६:४५ ची हजेरी आरामात चालली. आत्ता तो ६:५१ ला येतो. तुम्ही ६:३० ला बोलावताय.

झुलेवाला
अरे देवा. म्हणजे मी वेळ अलीकडे आणली आणि उजेड पलीकडे गेला. मग फेब्रुवारीत?

छायायंत्र
फार घाई नाही सुधारायची. १० फेब्रुवारीला सूर्योदय ७:०९-७:१०, २० तारखेला ७:०४. सात वाजता खाली हजेरी, दोर आणि बेल्ट तपासणं, माल कालवणं, आणि सूर्य वर आल्यावर झुला. गेलेली वेळ संध्याकाळी काढा, १० तारखेला सूर्यास्त ६:३६ ला आहे.

गुवाहाटी: मुंबईपासून पूर्वेला जवळजवळ १९ अंश, म्हणजे सव्वा तास. १० फेब्रुवारीला तिथे सूर्योदय ६:०२ आणि सूर्यास्त ५:१२. नीट बघा, सकाळी मुंबईपेक्षा ६७ मिनिटं लवकर पण संध्याकाळी ८४ मिनिटं लवकर. हा फरक अक्षांशाचा, गुवाहाटी २६ वर आहे, हिवाळ्यात तिथला दिवस आपल्याहून लहान, दोन्ही टोकांना आठ-आठ मिनिटं कापलेली. जूनमध्ये उलटं होतं, तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य वर येतो आणि आपल्याकडे ६:०२ ला. तेव्हा मुंबईचं टाइमटेबल तिथे लावलं तर माणसं सकाळचा तास वाया घालवतील आणि पाचनंतर अंधारात झुला उतरवतील, जे सकाळपेक्षा वाईट कारण तेव्हा सगळे थकलेले असतात.

चहाबाज
आसाममध्ये चहाच्या बागांत घड्याळ आयएसटीच्या तासभर पुढे चालतं, बागान टाइम म्हणतात. मेव्हण्याला सांगा सरळ ते लावायला, मग मुंबईचं टाइमटेबल तसंच्या तसं चालेल :)

छायायंत्र
सकाळी चालेल, संध्याकाळी २० एक मिनिटं कमी पडतील. आणि जेवायची सुट्टी बदलेल. गुवाहाटीत तेव्हा मध्यान्ह ११:३७ ला आहे, मुंबईत १२:५३ ला.

पेंटर_नाक्यावरचा
बावीस वर्षं कलर करतोय. उजेडाचं ठीक आहे पण जानेवारीत सकाळी भिंतीला दव असतं, हात लावला तर ओलसर लागतं, त्यावर प्रायमर मारला की पापुद्रे येतात. आम्ही सकाळी खरवडणं आणि क्रॅक भरायची तयारी करतो, कलर दहानंतर. आणि समोर टॉवर असेल तर कॅलेंडरचा सूर्योदय विसरा, ते सपाट क्षितिजाचं असतं, आमच्या एका साइटला पूर्वेच्या भिंतीवर ऊन साडेआठला यायचं.

झुलेवाला
समोर टॉवर आहेच, २२ मजली. आणि सोसायटीने खरवडायचं आवाजाचं काम नऊनंतरच करा असं लिहून दिलंय. म्हणजे सात ते नऊ आवाज नको, दव सुकेपर्यंत कलर नको. मग माणसं करणार काय?

पेंटर_नाक्यावरचा
म्हणूनच आम्ही आठला बोलावतो.

आयएसटी_चा_बळी
तरी मी म्हणतो, बॉम्बे टाइम परत आणा.

झुलेवाला
आठला बोलावलं तर संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबावं लागेल आणि निम्मी माणसं बदलापूर-टिटवाळ्याची आहेत, गर्दीची लोकल मिळाली की शिव्या मला. उद्यापासून सात ठेवतो, पहिले दोन तास दोर, माल, मास्किंग टेप, आणि आत गच्चीवरचं झाकपाक. गुवाहाटीला मेव्हण्याला सहा ते साडेचार सांगितलंय, तो म्हणाला तिथली पोरं सहाला येतीलच, तुझ्या मुंबईकरांचं तू बघ. दवाचं तिकडे कसं असतं कुणाला माहीत आहे का? ब्रह्मपुत्रेच्या काठावरचीच बिल्डिंग आहे.