अनुभव धागा : एकतर्फी प्रेम इतके तीव्र का वाटते, आणि लिहिल्याने त्याचे पुढे काय होते?

धागाकर्ती, ठाणे

एकतर्फी प्रेमाविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले की एक गोष्ट हमखास कानावर येते. पुढे लग्न झाले, संसार नीट झाला, जोडीदारावर मनापासून जीवही जडला. पण त्या कधीच जुळून न आलेल्या ओढीला जी धार होती ती पुन्हा कशालाच आली नाही. ज्या नात्यात फारसे काही घडलेच नाही, त्याने मनाची एवढी जागा का अडवावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याला लागूनच आहे. ज्यांनी त्या काळात रोजनिशी, न पाठवलेली पत्रे, कविता असे काही लिहिले, किंवा पुष्कळ वर्षांनी त्या दिवसांविषयी लिहायला घेतले, त्यांच्या हाती त्यातून नेमके काय लागले?

माझे मत आधीच सांगते. ही तीव्रता समोरच्या व्यक्तीच्या गुणांतून येत नसून तिच्या उत्तराच्या अनिश्चिततेतून येते. स्पष्ट नकार मिळालेल्यांचे दुःख मोठे असते, पण ते कधीतरी उतरणीला लागते. ज्यांना ना होकार मिळाला ना नकार, त्यांचे वर्षानुवर्षे चालू राहते. आपले अनुभव या मताच्या विरुद्ध जाणारे असतील तर ते अवश्य लिहावेत.

निवृत्त शिक्षिका, कराड

आमच्या वेळी मुलामुलींनी एकमेकांशी बोलण्यालाच मज्जाव होता, त्यामुळे मनातले मनातच साठत गेले आणि म्हणून ते एवढे वाढले, असे मला वाटत आले आहे. वाचनालयात मी पुस्तक परत केले की त्यानंतर तेच पुस्तक ते घेत असत. पुस्तकाच्या मागच्या खिशातल्या कार्डावर माझ्या क्रमांकाखाली त्यांचा क्रमांक असे. एवढाच आमचा संबंध. तो योगायोग होता की जाणूनबुजून केलेली गोष्ट, हे मला कधीच कळले नाही, आणि पुढचे पुस्तक निवडताना ‘हे त्यांना आवडेल का’ हा विचार मात्र दरवेळी मनात येई.

मी त्यावर कविता लिहिल्या. त्या चांगल्या नव्हत्या, पण त्यांनी मला शब्दांची सवय लावली, आणि पुढे मुलांना कविता शिकवताना विरहिणी मला कधी परकी वाटली नाही. आजच्या मुलांना फोनवर सहज बोलता येते, तेव्हा त्यांना असे काही होत नसावे.

समुपदेशक, नाशिक

बाईंच्या अनुभवात धागाकर्तीच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, मात्र बोलण्याच्या मज्जावापेक्षा कार्डावरचा तो क्रमांक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसरे कोणीच तेच पुस्तक घेतले नसते तर ओढ विझली असती, आणि त्यांनी सरळ येऊन विचारले असते तरी तिचे स्वरूप बदलले असते. आशा वाटावी इतका पुरावा, पण खात्री पटणार नाही इतकाच, या पट्ट्यात मन सर्वाधिक धावते. माझ्याकडे येणारी आजची मुले ‘त्याने माझे स्टेटस सर्वांत आधी पाहिले’ यावर रात्र काढतात. तो वाचनालयाच्या कार्डाचाच प्रकार आहे. फरक इतकाच, की कार्ड महिन्यातून दोनदा दिसे आणि स्टेटस दर तासाला दिसते.

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांशी बोलून १९७९ मध्ये या अवस्थेवर पुस्तक लिहिले आणि तिला ‘लिमरन्स’ असे नाव दिले. आशा आणि अनिश्चितता यांचे एकत्र असणे हेच तिचे इंधन, असे त्यांचे म्हणणे होते. ही अवस्था संपण्याच्या त्यांनी सांगितलेल्या वाटा तीन: प्रतिसाद मिळून नाते स्थिरावणे, आशेला खाद्य मिळणे पूर्ण बंद होणे, किंवा तीच ओढ दुसऱ्या व्यक्तीकडे वळणे. धागाकर्तीने जी ‘उतरण’ म्हटली ती यांतली दुसरी वाट होय.

आयटीतील नोकरदार, पुणे

हा सगळा मेंदूतील डोपामिनचा खेळ आहे. नाकारलेल्या प्रेमिकांचे मेंदू तपासले तेव्हा व्यसनात जे भाग जागे होतात तेच त्यांच्यात जागे झालेले दिसले, असे मी वाचले आहे. तेव्हा उपायही व्यसनासारखाच असावा: संपर्क पूर्ण तोडायचा आणि मनातले सगळे कागदावर उतरवून टाकायचे. एकदा बाहेर पडले की मन मोकळे होते. मी रोज रात्री लिहीत असे आणि लिहून झाल्यावर हलके वाटत असे. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा तितकेच भरून येई.

समुपदेशक, नाशिक

आपण म्हणता तो अभ्यास हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० मधला. त्यात पंधरा जण होते, आणि ज्याने सोडून दिले त्या व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली गेली. निष्कर्ष आपण म्हणता तसाच आहे, पण ते सगळे एकेकाळी नात्यात असलेले लोक होते. जिथे नाते सुरूच झाले नाही, त्यांच्याबाबत तो जसाच्या तसा लागू करताना मी थोडा थांबेन.

लिहिण्याबाबत मात्र आपल्या शेवटच्या वाक्यातच अडचण दिसते. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेविषयी लिहायला लावले होते. लिहून उठल्यावर त्यांना हलके वाटले नाही. उलट मन अधिक खिन्न झाले. फायदा पुढच्या काही महिन्यांत दिसला, आणि तोही दवाखान्यातल्या खेपा कमी होण्याच्या रूपाने. पुढे शेरलॉक कॅम्बेल आणि पेनेबेकर यांनी अशी लिखाणे तपासली, तेव्हा ज्यांच्या मजकुरात सर्वनामे दिवसागणिक बदलत गेली, म्हणजे ‘मी’ कधी कमी होऊन ‘ती’, ‘तो’, ‘आम्ही’ आले आणि पुन्हा ‘मी’ आले, त्यांना अधिक लाभ झाल्याचे दिसले. दृष्टी हलणे महत्त्वाचे असावे, ओतून टाकणे नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. डेव्हिड स्बारा यांच्या गटाने २०१३ मध्ये विवाहातून नुकत्याच वेगळ्या झालेल्यांचा अभ्यास मांडला. जे स्वभावाने तेच तेच उगाळणारे होते आणि ‘असे का झाले’ याचा अर्थ शोधत होते, त्यांना भावना लिहून काढण्याने अधिक त्रास झाला. रोजची साधी कामे लिहिणारे त्यांच्यापेक्षा लवकर सावरले. म्हणून ‘लिहा म्हणजे बरे वाटेल’ असे मी सरसकट सांगत नाही.

गृहिणी, अकोला

माझा प्रश्न इथे बसतो की नाही ते ठाऊक नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली. यजमान वाईट नाहीत, घरात काही कमी नाही, पण माझ्या प्रेमाला त्यांच्याकडून कधी उत्तर आले नाही. एखाद्या दिवशी चहाचा कप हातात घेताना ‘बस जरा’ म्हणतात आणि पुढचा महिनाभर मी त्या दोन शब्दांवर काढते. याला एकतर्फी प्रेम म्हणायचे का? लग्नाच्या आतही ते असू शकते का?

धागाकर्ती, ठाणे

ताई, हा विषय मला सुचलाही नव्हता, पण तो इथे नक्कीच बसतो. मी अंतराविषयी विचारत होते आणि आपण एका छताखालच्या अंतराविषयी लिहिले आहे. अधूनमधून मिळणारा तो एक शब्दच ओढ जिवंत ठेवतो, हे आपल्या अनुभवात इतर कोणापेक्षाही स्पष्ट दिसते.

अभियंता, मूळ सांगली, सध्या जर्मनीत

कॉलेजच्या काळातल्या माझ्या रोजनिशा माझ्याजवळ आहेत. काही वर्षांपूर्वी त्या नुसत्या वाचायला घेतल्या तेव्हा जुनी ओढच परत येऊ लागली, म्हणून मी वेगळ्या रीतीने त्यांच्याकडे पाहायचे ठरवले. मोठी वही घेतली आणि प्रत्येक पान उभे दुभागले. डावीकडे फक्त तेच, जे तिसऱ्या माणसाला दिसले किंवा ऐकू आले असते. उजवीकडे त्याचा मी लावलेला अर्थ.

एक नोंद सांगतो. तिने माझ्याकडून स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या नोट्स नेल्या आणि परत देताना पहिल्या पानावर पेन्सिलीने ‘थँक्स, खूप मदत झाली’ असे लिहून खाली एक छोटे फूल काढले. डाव्या बाजूला ही एकच ओळ आली. उजवी बाजू भरून वाहू लागली: पेन्सिल का वापरली, खोडता यावे म्हणून का, फूल सर्वांनाच काढते का, ‘खूप’ या शब्दाखाली रेघ आहे की पेन्सिल घसरली आहे. आणखी काही पानांनंतर, पदवीनंतर दिल्लीला जायचे आणि स्पर्धा परीक्षा द्यायच्या हे आपले ठरलेले आहे, असे तिने सर्वांसमोर सांगितल्याची नोंद होती. त्या नोंदीसमोर उजवीकडे मी लिहिले होते, ‘मी थांबवतो का ते पाहत होती.’

त्यानंतर तोच काळ मी ‘मी’ऐवजी ‘तो’ वापरून लिहिला, आणि शेवटी तिच्या बाजूने लिहायला बसलो. त्यासाठी फक्त डाव्या रकान्यातला मजकूर वापरायचा असे बंधन घातले. जेमतेम पाऊण पान झाले आणि पुढे लिहायला काही उरले नाही. तिला भावंडे किती, ती कशाला घाबरत असे, दिल्लीची ओढ तिला कशामुळे लागली, यातले मला काहीच माहीत नव्हते. इतकी वर्षे जिच्याविषयी विचार केला तिच्याविषयी माझ्याकडे माहितीच नव्हती, आणि म्हणूनच कल्पनेला कुठे अडायची गरज पडली नाही. ती ओढ खोटी होती असे मला वाटत नाही. पण ती कशाची होती याचे उत्तर तेव्हापासून बदलले आहे.

फ्रेंचच्या प्राध्यापिका, मुंबई

तुमच्या उजव्या रकान्याचे वर्णन स्तांदालने १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रेमविषयक पुस्तकात केले आहे. साल्झबर्गच्या मिठाच्या खाणीत निष्पर्ण फांदी टाकून ठेवली की काही महिन्यांनी ती चमचमत्या स्फटिकांनी मढून बाहेर येते आणि मूळ काटकी ओळखू येत नाही, तसेच प्रेमिकाचे मन करते, असे तो म्हणतो. तो स्वतः तेव्हा मिलानमधल्या मातिल्द देंबोव्स्की यांच्या प्रेमात होता आणि त्यांच्याकडून त्याला प्रतिसाद नव्हता. आपली व्यथा सरळ न सांगता त्याने प्रेमाच्या पायऱ्या आणि प्रकार यांची मांडणी केली. सर्वनामे बदलण्याचा हा फार जुना नमुना म्हणता येईल, पण तेवढ्याने त्याचे दुःख शमले असे मी विद्यार्थ्यांना सांगत नाही.

बँक कर्मचारी, नागपूर

मी दुसऱ्या बाजूला होते, म्हणजे माझ्यावर प्रेम करणारा एक सहकारी होता. त्याचे दुःख सर्वांना दिसले. माझे कोणी विचारले नाही. नाही कसे म्हणावे हे कुठल्याच गोष्टीत सांगितलेले नसते. मी सौम्यपणे नकार दिला तर त्याने त्यात आशा वाचली, कठोर झाले तर लोकांनी मला निर्दय ठरवले. अभियंत्यांनी तिच्या बाजूने पाऊण पान लिहिले हे वाचून बरे वाटले, कारण आमच्या बाजूच्या लोकांना बहुधा तेवढेही मिळत नाही.

समुपदेशक, नाशिक

रॉय बाउमायस्टर यांनी १९९३ मध्ये दोन्ही बाजूंचे वृत्तांत लिहून घेतले होते. प्रेम करणारे म्हणत होते की आम्हाला झुलवत ठेवले. नाकारणारे म्हणत होते की आम्ही स्पष्ट होतो, आणि त्यांना अपराधी वाटत होते. शिवाय काय बोलावे याचा तयार नमुनाच त्यांच्याजवळ नव्हता, नेमके आपण म्हणता तसे.

अभियंत्यांच्या रीतीला मात्र मी एक मर्यादा घालीन. काही वेळा डाव्या रकान्यातच परस्परविरोधी गोष्टी असतात: आज हात धरला, उद्या ओळख दाखवली नाही. तिथे दोष अर्थ लावणाऱ्याचा नसतो, आणि अकोल्याच्या ताईंच्या बाबतीत तर समोरचा माणूस रोज घरातच आहे. त्यांना वहीपेक्षा यजमानांशी प्रत्यक्ष बोलण्याची, कदाचित तिसऱ्याच्या मदतीने बोलण्याची गरज अधिक आहे. लिहिणे उपयोगी पडते आहे की नाही हे ओळखायचे असेल तर पंधरवड्याच्या अंतराने लिहिलेली दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. वाक्ये तीच, प्रश्न तेच आणि ‘का’ तेवढेच असतील, तर काही काळ वही मिटून ठेवणे बरे.

निवृत्त शिक्षिका, कराड

सर्वांचे वाचले. आजच्या मुलांविषयी मी जे लिहिले ते बहुधा बरोबर नव्हते, हे समुपदेशकांच्या स्टेटसच्या उदाहरणावरून कळले. पण अभियंत्यांना मला सांगावेसे वाटते की मी माझी वही दुभागणार नाही. डाव्या बाजूला पुस्तकांची नावे आणि दोन क्रमांक एवढेच येईल, हे मला आधीपासून ठाऊक आहे. त्या काळात मी जी पुस्तके वाचली, ती त्यांना आवडतील म्हणून निवडली होती, आणि नंतर ती माझीच झाली. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?