मदत हवी आहे: 'व्हाय यू आर लेट' चूक, मग 'व्हाय आर यू लेट' पण चूक कसं?

घाईत_आहे
परवा फोनवर मुलाखत आहे, ग्राहकसेवेच्या कामासाठी. सराव पेपरात 12 पैकी 7 वाक्यांवर फुली बसली. 'व्हाय यू आर लेट' चूक म्हणे, ठीक आहे, 'आर' पुढे घ्यायचा. पण दुसऱ्या एका जागी 'व्हाय आर यू लेट' लिहिलं तर त्यावरही फुली! आणि 'यू आर कमिंग, इझन्ट?' याच्या शेजारी नुसतंच प्रश्नचिन्ह काढलंय. नियम एका ओळीत सांगा. पुस्तकं सुचवू नका, वेळ नाही.

पाटीपेन्सिल
दुसऱ्या जागचं पूर्ण वाक्य द्या. त्याआधी काही शब्द होते का?

घाईत_आहे
वाक्य तेच हो. व्हाय आर यू लेट. पेपर आत्ता जवळ नाहीये.

घाटमाथा
एकच सूत्र पाठ करा: प्रश्न म्हटला की डू, डझ किंवा डिड पुढे आलाच पाहिजे. व्हॉट डू यू वॉन्ट, व्हेअर डिड यू गो. बाकी काही लागत नाही.

पाटीपेन्सिल
घाटमाथा, तुमच्या सूत्राने 'व्हाय डू यू आर लेट' तयार होईल, आणि तीही चूकच. डू हा बदली कामगार आहे. पुढे जायला दुसरं कोणी नसेल तरच त्याला बोलवायचं.

घाईत_आहे, आपली गल्लत मराठीमुळे होते. 'तू काल आलास' याचा प्रश्न 'तू काल का आलास'. 'का' मध्ये बसला, बाकीचे शब्द जागचे हलले नाहीत. त्याच सवयीने आपण इंग्रजीत 'व्हाय' लावतो आणि पुढचं वाक्य आहे तसं ठेवतो. इंग्रजीत अजून एक काम उरतं.

आधी प्रश्न विसरून साधं वाक्य म्हणा: 'यू आर लेट'. यात आर आहे. अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर, कॅन, विल, शुड यांपैकी काही दिसलं, किंवा 'हॅव गॉन'सारख्या जोडीतला हॅव दिसला, की तो उचलून कर्त्याच्या आधी ठेवायचा. व्हाय आर यू लेट.

आता 'ही वर्क्स हिअर' घ्या. उचलण्यासारखं काही नाही. मग 'वर्क्स' फोडा: डझ आणि वर्क. शेवटचा 'स' डझमध्ये गेला, क्रियापद मूळ रूपात उरलं. डझ ही वर्क हिअर? तसंच 'वेंट' म्हणजे डिड आणि गो. म्हणून 'डिड यू वेंट' चुकतं, त्यात भूतकाळ दोनदा मोजला जातो.

आठवीची_आई
मध्येच विचारते. मुलीच्या पेपरात 'ही हॅज अ कार' ला टॅग लावायचा होता. तिने 'डझन्ट ही' लिहिलं, बाईंनी 'हॅजन्ट ही' हवं म्हणून गुण कापला. कोण बरोबर?

नदीपलीकडे
डू पूर्वी एवढा लागतच नव्हता. 1600 च्या सुमारास 'नो यू हिम' आणि 'डू यू नो हिम' दोन्ही चालत. डूची सक्ती नंतरची.

घाईत_आहे
मला परवाच्या मुलाखतीचं सांगा. पेपर सापडला. ते वाक्य 'कॅन यू टेल मी व्हाय आर यू लेट?' असं होतं. काय फरक पडतो?

पाटीपेन्सिल
सगळा फरक तिथेच आहे. त्या वाक्यात प्रश्न 'कॅन यू'नेच झाला. एका वाक्यात अदलाबदल एकदाच, आतला भाग सरळ: 'कॅन यू टेल मी व्हाय यू आर लेट?' पहिल्या वाक्यात चुकलेले तुमचेच शब्द इथे जसेच्या तसे बरोबर आहेत.

डूचंही तेच. 'व्हेअर डझ ही वर्क' आत गेलं की डझ निघून जातो आणि 'स' घरी परततो: 'डू यू नो व्हेअर ही वर्क्स?' प्रश्नाला व्हाय, व्हेअरसारखा शब्द नसेल तर आत 'इफ' येतो: 'कॅन यू टेल मी इफ यू रिसीव्हड द पार्सल?' ग्राहकाशी बोलताना ही रचना थेट प्रश्नापेक्षा मऊ वाटते, म्हणून हीच घोटा.

घाईत_आहे
आलं लक्षात. आता ते इझन्ट?

पाटीपेन्सिल
आपला 'ना' कुठेही चालतो: येणार ना, गेला ना, तिला माहितेय ना. इंग्रजी टॅग दर वेळी मागच्या वाक्याकडे बघून बनतो. तेच सहायक क्रियापद घ्या, होकाराचा नकार किंवा नकाराचा होकार करा, मग सर्वनाम लावा. यू आर कमिंग, आरन्ट यू? शी नोज, डझन्ट शी? नोबडी कॉल्ड, डिड दे? (नोबडीतच नकार आहे, म्हणून टॅग होकारी.)

फसवतात ती आखडलेली रूपं. 'हीज गॉन' मधला 'ज' हॅजचा, म्हणून हॅजन्ट ही. 'हीज कमिंग' मधला इजचा, म्हणून इझन्ट ही. कानाला दोन्ही सारखेच, तेव्हा पुढचं क्रियापद ऐकून ठरवायचं.

थेम्सकाठ
एवढं काटेकोर कशाला? लंडनच्या रस्त्यावर सगळ्या कर्त्यांना सर्रास 'इनिट' लावतात. भारतीय इंग्रजीत 'इझन्ट इट' तसाच सगळीकडे चालतो. त्याला चूक म्हणणं मला पटत नाही.

पाटीपेन्सिल
बोलण्यात चालतो, मान्य. पण नुसता 'इझन्ट', पुढे 'इट' नाही, हे त्या दोन्हींत बसत नाही. आणि इथे गुण देणारा माणूस ठरलेला आहे.

घाटमाथा
माझं 'डू'चं सूत्र मागे घेतो, पण ग्राहकाला टॅग लावूच नका. 'यू डिडन्ट पे, डिड यू?' शेवटी आवाज खाली गेला की आरोप वाटतो. वर नेला तर चौकशी वाटते, पण फोनवर तो फरक निसटतो. शिवाय आपला माणूस 'येस' म्हणतो आणि मनात असतं 'हो, नाही भरले'. इंग्रजीत ते 'नो, आय डिडन्ट'. सरळ 'हॅव यू पेड?' विचारा.

पाटीपेन्सिल
हे मात्र अगदी बरोबर. उत्तर नुसतं येस-नो असेल तर पूर्ण वाक्य वदवून घ्या.

घाईत_आहे
पाच वाक्यं केली, तपासा. 1) व्हेन डिड यू ऑर्डर इट? 2) डिड यू रिसीव्हड द मेसेज? 3) हू डिड कॉल यू? 4) मे आय नो व्हॉट द प्रॉब्लेम इज? 5) यूड लाइक अ रिफंड, वुडन्ट यू?

पाटीपेन्सिल
1, 4, 5 बरोबर. 2 मध्ये भूतकाळ पुन्हा दोनदा आला: डिड यू रिसीव्ह. 3 मध्ये फोन कोणी केला हेच विचारायचंय, म्हणजे 'हू' स्वतःच कर्ता आहे. ज्याच्यापुढे काही न्यायचं तोच आधीपासून पहिला बसलाय, म्हणून डिड नको: हू कॉल्ड यू? 'तुम्ही कोणाला फोन केला' असं विचारायचं तर मात्र हू डिड यू कॉल.

आठवीची_आई
माझं राहिलंच.

पाटीपेन्सिल
ताई, 'ही हॅज अ कार' ला आज 'डझन्ट ही' जास्त रूढ, 'हॅजन्ट ही' जुन्या ब्रिटिश वळणाचं. दोन्हींना गुण मिळायला हवा. 'ही हॅज टू गो' ला मात्र 'डझन्ट ही'च.

थेम्सकाठ
मालकीच्या हॅवला 'हॅजन्ट ही' इथले वयस्कर लोक अजून म्हणतात. मला त्यात जुनं काही वाटत नाही.

आठवीची_आई
पण शनिवारी पुन्हा चाचणी आहे, बाईही त्याच. मुलीने काय लिहायचं?