मदत हवी आहे: बातमी न फोडता फोटोखाली काय लिहू?

स्नेहल_नाशिक: घरून पुरणपोळ्या आणि फराळ विकते. पाडव्याला पहिलं दुकान उघडतंय. आज इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचाय: माझ्या हातात किल्ली, मागे बंद शटर. दुकानाचं नाव कळायला नको, पण लोकांनी वाट बघायला हवी. मी लिहिलंय, "काहीतरी मोठं घडतंय! लवकरच कळेल." फार मिळमिळीत वाटतंय. सुचवा ना.

गोडबोली: अभिनंदन गं! "आमच्या घरी पाळणा हलणार" कसं वाटतंय?

स्नेहल_नाशिक: अगं ताई, तसं काही नाहीये! दुकानाची बातमी आहे.

रोहन_के: भरपूर हॅशटॅग टाक. #नवंदुकान #नाशिकफूड वगैरे. लोकांपर्यंत पोचायला हवं ना.

जाहिरातवाला: हॅशटॅगचं बरोबर आहे, पण उद्घाटनाच्या पोस्टला. आज #नवंदुकान लिहिलंत तर गुपित तिथेच फुटलं. लोकेशनही टाकू नका.

स्नेहलताई, तुमचं वाक्य लग्नाला चालेल, नोकरीला चालेल, गाडीलाही चालेल. म्हणून कुणी थांबत नाही. फक्त तुम्हालाच लागू पडेल असा एकच धागा सोडा. गिऱ्हाईक आत्ता ऑर्डर न्यायला कुठे येतं?

स्नेहल_नाशिक: घरीच. बेल वाजवतात, मी डबा देते.

जाहिरातवाला: मग हे घ्या: "पाडव्यापासून आमच्या घराची बेल वाजवू नका." वाचणारा दचकतो, आणि बातमी कळल्यावर वाक्य खरंच निघतं. नंतर खोटं ठरणारी हूल देऊ नका, नेहमीची माणसं दुखावतात. हे वाक्य पहिलंच हवं, कारण फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं 'more' दाबल्यावर.

मीनाक्षी_स: मला तर वाटेल धंदा बंद केला. माझ्या शिवणाच्या क्लासचं असंच झालं. "शेवटची बॅच" लिहिलं होतं, मुली दुसरीकडे गेल्या. मी फक्त जागा बदलत होते.

जाहिरातवाला: अगदी बरोबर. म्हणून दुसरी ओळ धीराची: "पुरणपोळ्या मिळणारच. बाकीचं पाडव्याला सकाळी सांगते." पण विजेचं मीटर बसल्याशिवाय तारीख छापू नका. आणि फोटो मोठा करून बघा, शटरवर जुन्या दुकानाचं नाव आहे का?

स्नेहल_नाशिक: अय्या, आहे! अर्धा फोन नंबरसुद्धा दिसतोय. फक्त हात आणि किल्ली ठेवून बाकीचं कापते. मीटर कालच बसलं. पण नणंदेने कॉमेंटमध्ये "दुकानासाठी शुभेच्छा" लिहिलं तर?

जाहिरातवाला: घरच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवा. तरी आली तर लगेच काढून टाका. "दुकान का?" असं कुणी विचारलं तर हो-नाही न म्हणता "पाडव्याला भेटूच" एवढंच लिहा.

मीनाक्षी_स: नेहमीच्या गिऱ्हाइकांना मात्र आधी फोन कर. त्यांना कोड्यात ठेवू नये.

रोहन_के: मग गुपित राहिलंच कुठे? तीच तर चार जणांना सांगतील.

स्नेहल_नाशिक: पोस्ट संध्याकाळी टाकते. फोनचं अजून ठरत नाहीये. एक आजी दर एकादशीला स्वतः चालत येतात, त्यांना तरी आज सांगतेच.