मदत हवी आहे: दोन लूपच्या सर्किटमध्ये करंट -6 आणि 9 अँपिअर येतोय, पुस्तकात 2, 1, 1 आहे

तन्वी_बारावी
नमस्कार. किरचॉफच्या नियमांवरचं एक उदाहरण अडलंय. आकृती इथे चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगते. वर जंक्शन A, खाली जंक्शन B आणि दोघांना जोडणाऱ्या तीन फांद्या. डाव्या फांदीत 12 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहम, मधल्या फांदीत नुसता 8 ओहम, उजव्या फांदीत 6 व्होल्टची बॅटरी आणि 2 ओहम. दोन्ही बॅटऱ्यांचं धन टोक A कडे आहे. तिन्ही फांद्यांतले करंट काढायचे आहेत.

मी डावीकडून A कडे येणारा I1, उजवीकडून A कडे येणारा I2 आणि मधून खाली उतरणारा I3 धरला. दोन्ही लूप घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरले.

```
I3 = I1 + I2
डावा लूप :  12 - 2I1 - 8I3 = 0
उजवा लूप :  8I3 - 2I2 - 6 = 0
```

सोडवल्यावर I1 = -6, I2 = 9, I3 = 3 येतात. दोनदा आकडेमोड तपासली, तेच येतं. पुस्तकात 2, 1, 1 अँपिअर दिलंय. उद्या क्लासमध्ये दाखवायचं आहे. कुठे चुकतंय?

ओंकार_प
उत्तर ऋण आलं की घाबरायचं नाही. याचा अर्थ तू धरलेली दिशा उलटी आहे, एवढंच. I1 चा बाण उलटा कर आणि 6 अँपिअर लिही. पुस्तकातलं उत्तर छापताना चुकलं असेल.

तन्वी_बारावी
पण मग 12 व्होल्टच्या बॅटरीत करंट उलटा शिरतोय आणि 6 व्होल्टची बॅटरी 9 अँपिअर देतेय, असं होईल ना? मोठी बॅटरी हरतेय हे पटत नाही.

सर्किटमित्र
तन्वी, तुझी शंका अगदी योग्य आहे. ती धरूनच पुढे जाऊ. ओंकार, ऋण उत्तराबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे, पण समीकरणं बरोबर असतील तरच. समीकरणातच चिन्ह चुकलं असेल तर बाण फिरवून काही सुधारत नाही.

आधी चूक कोणत्या समीकरणात आहे ते उत्तरांवरूनच शोधू. B चं पोटेन्शियल शून्य धर आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी A पर्यंत चढ. तिन्ही वाटांनी A चं पोटेन्शियल एकच आलं पाहिजे, कारण बिंदू एकच आहे. तुझे आकडे घालून बघू:

```
डावीकडून :  12 - 2(-6) = 24
मधून     :  8 x 3      = 24
उजवीकडून :  6 - 2(9)   = -12
```

डावी आणि मधली वाट जुळतात, म्हणजे डाव्या लूपचं समीकरण ठीक आहे. उजवी वाट एकटी पडली, म्हणून चूक उजव्या लूपमध्येच. शिवाय 24 हा आकडाच अशक्य आहे. दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं A कडे आहेत आणि मोठी बॅटरी 12 चीच, तेव्हा A चं पोटेन्शियल 12 च्या वर जाणारच नाही.

आता उजवा लूप पुन्हा फीर, पण प्रत्येक भागापाशी थांबून. A वरून उजव्या फांदीने खाली उतरताना तू I2 च्या विरुद्ध चालतेस, कारण तू I2 वर जाणारा धरला आहेस. करंटच्या विरुद्ध चाललं की रेझिस्टरपाशी पोटेन्शियल वाढतं. तिथे काय लिहिलंस?

तन्वी_बारावी
-2I2. रेझिस्टरमध्ये व्होल्टेज पडतं म्हणून वजा लिहिलं. पण मधल्या फांदीत I3 च्या विरुद्ध वर जाताना मात्र मी +8I3 लिहिलंय. म्हणजे एकाच लूपमध्ये दोन वेगळे नियम लावले.

```
उजवा लूप :  8I3 + 2I2 - 6 = 0
I3 घालून :  5I1 + 4I2 = 6
            4I1 + 5I2 = 3
```

पहिल्याला 5 ने, दुसऱ्याला 4 ने गुणून वजाबाकी केली की 9I1 = 18. I1 = 2, I2 = -1, I3 = 1. आता A चं पोटेन्शियल तिन्हीकडून 8 येतंय! उजवीकडून 6 - 2(-1) = 8.

सर्किटमित्र
हेच. आणि आता मात्र ओंकारचं म्हणणं लागू होतं. I2 ऋण आहे, म्हणजे उजव्या फांदीत 1 अँपिअर A कडून खाली जातोय. पुस्तकाने आकडा दिला, दिशा सांगितली नाही. तू उत्तरात दिशा नक्की लिही. मधे मात्र चिन्ह बदलू नकोस. -1 तसाच ठेवून सगळं सोडव आणि शेवटच्या ओळीत शब्दांत लिही.

निफाडकर
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्याकडे इन्व्हर्टरला जुनी बॅटरी आहे, तिच्या जोडीला नवी समांतर लावायची म्हणतोय. या गणिताप्रमाणे नवी बॅटरी जुनीतच करंट ढकलेल का?

अश्विनी_लॅब
दादा, तुमचं आणि तन्वीचं सर्किट एकाच घडणीचं आहे. तन्वीच्या गणितात 6 व्होल्टची बॅटरी चार्जच होतेय. 12 व्होल्टची बॅटरी 12 × 2 = 24 वॅट देते. त्यातले 8 डाव्या रेझिस्टरमध्ये, 8 मधल्यात आणि 2 उजव्यात उष्णता होऊन जातात. उरलेले 6 वॅट लहान बॅटरीत शिरतात. हिशोब पुरा बसतो, म्हणून उत्तर तपासायला हाही एक मार्ग आहे.

तुमच्याकडे 2 ओहमसारखा मोठा रोध मधे नसतो. बॅटऱ्यांचा आतला रोध अगदी थोडा असतो. समजा दोघींत 0.6 व्होल्टचा फरक आहे आणि दोघींचा आतला रोध मिळून 0.04 ओहम, तर जोडताक्षणी 15 अँपिअर नव्याकडून जुन्याकडे वाहील.

निफाडकर
मग जुनी पूर्ण चार्ज करून, दोघींचं व्होल्टेज सारखं झाल्यावर जोडली तर?

अश्विनी_लॅब
जोडतानाचा झटका टळेल. पण जुनीची क्षमता उतरलेली असते, त्यामुळे पुढे वापरात दोघी सारख्या चालणार नाहीत. किती फरक पडेल ते तुमची बॅटरी मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

ओंकार_प
मला एक कळत नाही. बाहेरचा मोठा लूपही आहे ना? तिसरं समीकरण त्याचं घेतलं तर खात्री होईल.

सर्किटमित्र
बाहेरच्या लूपचं समीकरण म्हणजे तुमच्या दोन समीकरणांची बेरीजच. बरोबर समीकरणांची बेरीज करून बघ, 8I3 कटून जातो आणि 12 - 2I1 + 2I2 - 6 = 0 उरतं. त्यातून नवीन माहिती मिळत नाही. पण बेरीज न करता स्वतंत्र फिरून लिहिलं तर तपासणीला उपयोगी पडतं. तन्वीच्या जुन्या आकड्यांनी तिथे शून्याऐवजी 36 आले असते.

अश्विनी_लॅब
मी तर थेट A चं पोटेन्शियल V धरूनच सोडवते. (12 - V)/2 + (6 - V)/2 = V/8. एकच अज्ञात, एका ओळीत V = 8.

सर्किटमित्र
पटतं, पण प्रश्नात लूपचा नियम वापरा असं लिहिलं असेल तर मी मुलांना हे कच्च्या कामात ठेवायला सांगतो.

अश्विनी_लॅब
माझ्या मते पूर्ण मार्क मिळायला हवेत, यात जंक्शनचाच नियम आहे.

तन्वी_बारावी
सरावासाठी 6 व्होल्टची बॅटरी उलटी लावून सोडवलं. I1 = 14/3, I2 = -13/3, I3 = 1/3. A चं पोटेन्शियल तिन्ही वाटांनी 8/3 येतंय. पद्धतीचं मात्र उद्या क्लासमध्येच विचारते.