पाच कौशल्यांच्या पातळ्यांवरून एकच ग्रेड कशी काढायची? उद्या द्यायची आहे

मंजिरी_इंदूर: सातवीचं गणित शिकवते. पाच कौशल्यं, प्रत्येकाला १ ते ४ पातळी. आता ऑफिसला एकच ग्रेड हवी आहे. बेरजेला वीसने भागलं तर दोन मुलं ७० टक्क्यांवर येतात आणि ते मला मुळीच पटत नाहीये. लवकर सांगा.

राजवाड्याचे_काका: आमच्या वेळी शंभरपैकी मार्क मिळायचे, भानगडच नव्हती.

माळवी_मास्तर: ताई, दोघांच्या पातळ्या लिहा की. आणि ३ म्हणजे तुमच्याकडे काय?

मंजिरी_इंदूर: एकाच्या ४, ३, ३, ३, १. दुसरीच्या ३, ३, ३, ३, २. ३ म्हणजे इयत्तेला अपेक्षित तेवढं येतं, ४ म्हणजे अनोळखी उदाहरणातही वापरता येतं. पहिल्याचा १ अपूर्णांकांत आहे.

एक्सेलप्रेमी: सोपं आहे. सगळं येणाऱ्या मुलाला ७५ टक्के मिळतात, हीच गोची. ४ ला १००, ३ ला ८५, २ ला ७०, १ ला ५५ धरा.

माळवी_मास्तर: ७५ चं बरोबर बोललात. पण करून पाहा, दोघांचे ८२ येतात. पायऱ्यांतलं अंतर सारखं ठेवलं की बेरजेची बरोबरी फुटतच नाही. सरासरीत ४ खालचा १ झाकून टाकतो. त्यापेक्षा नियम लावा: कुठेही १ असेल तर डी, २ एकाहून जास्त असतील तर सी, एकही २ नाही आणि ४ किमान तीन असतील तर ए, उरलेले बी.

```
=IF(COUNT(B2:F2)<5,"?",IF(COUNTIF(B2:F2,1)>0,"D",IF(COUNTIF(B2:F2,2)>1,"C",IF(AND(MIN(B2:F2)>=3,COUNTIF(B2:F2,4)>=3),"A","B"))))
```

सुरुवातीचा COUNT काढू नका. गैरहजर मुलाचा रकाना रिकामा राहिला तर त्याला फुकट बी मिळेल.

एक्सेलप्रेमी: एका १ मुळे थेट डी? पालक शाळेत येऊन बसतील.

माळवी_मास्तर: बसू देत, कशात अडलंय ते तरी दाखवता येतं. ताई, तो १ कधीचा?

मंजिरी_इंदूर: जुलैत १, नोव्हेंबरात २. सरासरी दीड, म्हणून १ लिहिला.

माळवी_मास्तर: मग २ लिहा! जुलैत अजून शिकवलंही नसेल. नंतरचा पुरावा धरायचा. म्हणजे त्यालाही बी.

एक्सेलप्रेमी: आणि शेवटचा पेपर योगायोगाने चांगला गेला असेल तर?

माळवी_मास्तर: शंका असेल तर दोन-तीन उदाहरणं तोंडी सोडवून घ्या.

बडोद्याची_आई: माझ्या मुलीला इंग्रजीत २ आहे, क्लास लावू का?

मंजिरी_इंदूर: मास्तर, म्हणजे शेवटी दोघंही परत सारखीच! पण निदान का ते कळतंय. आता ऑफिसचं सॉफ्टवेअर ग्रेड घेतच नाही, टक्के मागतंय.

माळवी_मास्तर: शाळेच्या तक्त्यात बी जितक्या टक्क्यांची, त्याच्या मधला आकडा सगळ्या बी वाल्यांना भरा.

एक्सेलप्रेमी: म्हणजे टक्क्यांचं भांडण पुन्हा सुरू. मी सांगत होतो.