प्रति: व्हाइट सॉस पास्त्याचे मॅक्रो

> "शिजलेला पास्ता ४६० ग्रॅम भरला. पाकिटावरचे आकडे त्यालाच लावायचे ना?"

नाही, तिथेच घोळ होतो. पाकिटावरचे आकडे बहुधा कोरड्या पास्त्याचे असतात. तुमचा कोरडा पास्ता २०० ग्रॅम असेल, तर १०० ग्रॅमला ३५० कॅलरी धरून ७०० होतात. तेच ४६० ला लावलंत तर १६१०! वाढलेलं वजन नुसतं पाण्याचं आहे आणि ते शिजवण्यावर बदलतं, म्हणून मी कोरडंच मोजते.

सॉसचंही तसंच, सगळं कच्चं मोजून कढईत. माझा परवाचा हिशोब: पास्ता ७००, लोणी २० ग्रॅम १४५, मैदा २० ग्रॅम ७०, गायीचं दूध ४०० मिली २६०, प्रोसेस्ड चीज ८० ग्रॅम २५०. एकूण १४२५ कॅलरी, प्रोटीन साधारण ५५ ग्रॅम.

शिजलेलं वजन लागतं ते फक्त वाटणीला. रिकामी कढई आधीच मोजून ठेवा (मी दोनदा विसरले, मग अंदाजपंचे). भरलेल्या कढईतून ती वजा केली तर ९०० ग्रॅम उरले. ताटलीत ३०० घेतले म्हणजे एक तृतीयांश: ४७५ कॅलरी, १८ ग्रॅम प्रोटीन.

पास्ता ताटलीत वाढायच्या अगदी आधी वजन करा, कारण सॉस आटत जातो. दुसऱ्या दिवशी घट्ट झाला म्हणून पाणी घातलंत तर उरलेलं पुन्हा मोजा. दूध घातलंत तर त्याच्या कॅलरीही मिळवा.