मदत हवी आहे: मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी फोटो निवडायचेत, चेहऱ्यांना गुण द्यायला मन धजत नाही

सुलभा_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या दादरच्या मंडळाचा वधू-वर मेळावा दिवाळीनंतर आहे. पुस्तिकेसाठी ४१२ स्थळं नोंदली गेली आहेत. फोटोची जागा ३५ × ४५ मिमी. पहिली १६ पानं रंगीत आर्ट पेपरवर, पुढची साध्या कागदावर कृष्णधवल.

कार्यकारिणीत सूचना आली की तिघांनी प्रत्येक फोटो पाहून 'दिसण्याला' दहापैकी गुण द्यावेत आणि ज्यांची सरासरी जास्त त्यांना रंगीत पानं द्यावीत. चाळीस फोटोंवर करूनही पाहिलं. त्यात एकाच मुलीचे दोन फोटो चुकून गठ्ठ्यात राहिले होते. एकाला सरासरी ४ पडली, दुसऱ्याला ७. मुलगी तीच, गुण देणारे तेच. मी तिथेच ते काम थांबवलं, पण "मग फोटो निवडायचे कशावर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची सभा रविवारी आहे. चेहरा सोडून फोटोचं काय काय तपासता येईल, कृपया सांगा.

कॅमेरावाला

सुलभाताई, ते ४ आणि ७ सभेत जसेच्या तसे दाखवा, यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही. २०११ साली ब्रिटनमध्ये याचाच अभ्यास झाला होता. एकेका माणसाचे वेगवेगळे फोटो अनोळखी लोकांना दाखवून गुण घेतले, तर दोन माणसांमध्ये जितका फरक पडला त्याहून जास्त फरक एकाच माणसाच्या फोटोंमध्ये पडला. म्हणजे तिघांची सरासरी तुम्ही मुलीच्या नावापुढे लिहिता, पण तिच्यात त्या दिवशीचा उजेड, कॅमेऱ्याचं अंतर आणि फोटो काढणाऱ्याचा हात मिसळलेला असतो.

उरलेला मोठा भाग बघणाऱ्याच्या आवडीचा. चेहऱ्यांबाबत लोकांची सहमती काही अंशीच असते आणि ज्याची त्याची स्वतःची आवड जवळजवळ तितकंच वजन खाते. त्यात गठ्ठ्यातला क्रमही आला. आधीच्या चेहऱ्याला जास्त गुण दिले असतील तर पुढच्यालाही हात थोडा सैल सुटतो. तिघांऐवजी तीस माणसं बसवली तर सरासरी स्थिर होईल, पण ती त्या तीस जणांच्या आवडीची सरासरी असेल. स्थळ बघायला येणारी माणसं वेगळीच.

आणि त्या आकड्याचं पुढे करायचं काय? "तुमच्या मुलीला ४ पडले" असं त्या घरी फोन करून कळवणार का? याउलट "फोटोत चेहरा फार लहान आहे, छपाईत फुटेल, जवळून काढलेला पाठवा" असं बेधडक सांगता येतं आणि दोन दिवसांत नवा फोटो येतो. मी निकष असाच निवडतो: उमेदवाराला फोनवर सांगता येईल आणि त्याला दुरुस्त करता येईल, तेच तपासायचं.

निशिकांत७

डोळ्यांनी कशाला बघता? चारशे फोटो पाच मिनिटांत संगणकावर तपासून होतील. पायथनमध्ये धूसरपणा आणि उजेड दोन्ही मोजता येतात:

```python
g = cv2.imread(f, cv2.IMREAD_GRAYSCALE)
print(f, cv2.Laplacian(g, cv2.CV_64F).var(), g.mean())
```

पहिला आकडा १०० च्या खाली गेला तर फोटो धूसर. दुसरा, म्हणजे ० ते २५५ च्या मापावरचा सरासरी उजेड, ९० च्या खाली गेला तर फोटो काळोखा. दोन्हीत बसला तर घ्या, नाहीतर बाद.

कॅमेरावाला

निशिकांत, कल्पना चांगली आहे, पण हे असंच वापरलंत तर दोन ठिकाणी अन्याय होईल.

पहिली गोष्ट उजेडाची. सरासरीचा उंबरठा लावला की सावळ्या रंगाची मुलं-मुली काळ्या साडीत किंवा गडद भिंतीपुढे उभी असतील तर उत्तम उजेडातले फोटोही बाद होतील. गोऱ्या माणसाचा पांढऱ्या भिंतीपुढचा उडालेला फोटो मात्र पास होईल. म्हणजे चेहऱ्याला गुण देणं बंद करून रंगाला गुण देणं सुरू झालं, आणि तेही कुणाच्या लक्षात न येता. तपासायचं असेल तर चेहऱ्याच्या भागात किती पिक्सेल २५० च्या वर गेलेत ते बघा. तिथे कातडीचा तपशील संपलेला असतो, कपाळ-नाकावर पांढरे डाग दिसतात. दुसरं टोक म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत सगळं काळं होऊन पापणी आणि बुबुळ वेगळं दिसत नाही. ही दोन्ही टोकं कुठल्याही रंगाच्या चेहऱ्यावर उजेड चुकल्याचीच खूण आहेत.

दुसरं, धूसरपणाचा आकडा अख्ख्या फोटोचा घेऊ नका. मागे झाडाची पानं असतील तर आकडा भरपूर येतो आणि चेहरा धूसर असतो. आधी चेहरा कापा, सगळे चेहरे एकाच मापाला आणा, मग मोजा. तरीसुद्धा रात्री काढलेल्या दाणेदार फोटोला आकडा जास्त मिळतो, कारण दाणेही तपशील म्हणून मोजले जातात. त्यामुळे १०० ही काही पवित्र रेघ नाही. फोटो आकड्यानुसार लावा आणि खालचे साठ-सत्तर स्वतः उघडून बघा. पापण्यांचे केस सुटे दिसतात का, एवढंच बघायचं.

छापखाना

छपाईच्या बाजूने एकच निकष सर्वांत आधी लावा: दोन बुबुळांमधलं अंतर किती पिक्सेल आहे. पासपोर्टसारख्या मांडणीत फोटोची रुंदी त्या अंतराच्या साधारण चौपट ठेवतात. ३५ मिमी रुंदीला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ४१३ पिक्सेल लागतात. म्हणजे बुबुळांत शंभरेक पिक्सेल असतील तर काम चोख. ७० पिक्सेलला २०० डीपीआयच्या आसपास पडतं, साध्या कागदावर चालून जातं. त्याखाली नवा फोटो मागवा.

एक उदाहरण करून दाखवतो. १२०० × १६०० चा फोटो आला, लग्नातला, पायापासून डोक्यापर्यंत. दिसायला मोठा वाटतो, पण बुबुळांत अंतर ४६ पिक्सेल. चौपट केले की १८४ पिक्सेल, ते ३५ मिमीत बसवले की १३४ डीपीआयच्या आत. छापल्यावर डोळ्यांच्या जागी दोन ठिपके येतात. मोठा करून काही होत नाही, नसलेला तपशील येणार कुठून? याच घरच्यांना सांगा की मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो. निम्म्या वेळा मूळ फाइलमध्ये पुरेसा तपशील असतो.

साध्या कागदावर शाई फुगते, त्यामुळे सावल्या बुजतात. कृष्णधवल पानांसाठी सावलीचा भाग थोडा उघडून द्या, सगळ्या फोटोंना सारखाच. चेहरा उजळवण्याच्या नादात कुणी एकेकाला 'गोरं' करायला बसलं तर त्याला हात लावू देऊ नका.

पल्लवी_ठाणे

माझ्या भाच्याचा फोटो पण घ्याल का बघायला? त्याने घरीच सेल्फी काढलाय. नाक खूप मोठं आलंय, प्रत्यक्षात तसं नाहीये. त्याला किती गुण मिळतील असं वाटतं?

कॅमेरावाला

पल्लवीताई, इथे गुण द्यायचेच नाहीत, म्हणून तर हा धागा. पण नाकाचं कारण सांगतो. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर, बऱ्याचदा फूटभरच असतो. नाक लेन्सला सर्वांत जवळ, म्हणून फुगतं आणि कान मागे जातात. एका गणितानुसार फूटभर अंतरावर नाकाचा बुंधा पाच फुटांवरच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. दुसऱ्या कुणाला तरी पाच फुटांवर उभं करा, फोनवर दुप्पट झूम, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला.

उजेडाला खिडकी. खिडकीकडे थोडं तिरपं तोंड करून उभं राहायचं आणि घरातली ट्यूबलाइट बंद करायची, नाहीतर चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन रंग येतात. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ याला फार छान, सावली मऊ पडते. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा ठिपका दिसला की उजेड जमला समजा. चष्मा असेल तर हनुवटी किंचित खाली, काचेवरची चमक निघून जाते. चष्मा काढायला लावू नका, रोज लावणाऱ्याचा फोटो चष्म्यातलाच हवा.

अर्धविराम

हे सगळं ठीक. पण फोटो चांगला असला तरी रंगीत पानांवर कुणाला घ्यायचं हा प्रश्न राहिलाच ना? उत्तम फोटो असलेल्यांना दिलं तर ज्यांच्याकडे चांगला फोन आहे, घरात खिडकीपाशी मोकळी जागा आहे, त्यांनाच रंगीत पान मिळणार. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याने काय करायचं?

छापखाना

बरोबर बोललात. फोटोच्या दर्जाने फक्त 'छापता येईल' की 'नवा मागवा' एवढंच ठरवावं, क्रम नाही. क्रम नोंदणी क्रमांकाने लावा. रंगीत पानं काढूनच टाकता आली तर उत्तम, नाहीतर चिठ्ठ्या टाका. आणि मेळाव्याआधी एका रविवारी हॉलमध्ये एक खिडकी, एक साधी फिकट करडी भिंत आणि एक फोन ठेवा. ज्यांचे फोटो अडकलेत ते येऊन काढून घेतील.

अर्धविराम

चिठ्ठ्या मला पटत नाहीत. देणगीदारांच्या मुलांची चिठ्ठी निघाली नाही तर कार्यकारिणी ऐकेल?

सुलभा_दादर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री छापखान्यांच्या मापाने बघायला घेतलं. ४१२ पैकी २९८ फोटो छापता येतील. ८३ जणांकडे मूळ फाइल मागितली आहे, आज दुपारपर्यंत ३७ आल्या. ३१ जणांना नवा फोटोच काढावा लागेल, त्यांच्यासाठी हॉल मागितला आहे. त्या दोन फोटोंच्या मुलीचं कारणही कळलं. ४ वाला सेल्फी डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली काढलेला होता आणि डोळ्यांच्या जागी नुसती सावली. गुणांची एक्सेल शीट होती ती तिघांच्याही फोनमधून पुसून घेतली. कुणी पुढे पाठवली असती तर त्या घरांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

रंगीत पानांवर रविवारी वाद होणारच. पण एक अडचण अजून सुटली नाही. पंधरा-वीस फोटोंत कातडी मेणासारखी गुळगुळीत आहे, फिल्टर लावलेला दिसतो. ते परत पाठवायचे का? आणि कशावरून ठरवायचं?

कॅमेरावाला

दोनशे टक्के मोठं करून केसांची कपाळाला लागलेली कड आणि गळ्याची कातडी बघा. केस आणि कानातले स्पष्ट, गळ्यावर छिद्रं दिसतात, पण गालावर एकही नाही, असं असेल तर फिल्टर. सगळंच सारखं गुळगुळीत असेल तर बहुधा फोटो दाबून लहान झालाय, मूळ फाइल मागा. फोन स्वतःहूनही थोडं गुळगुळीत करतात, मालकाला ठाऊकही नसतं, त्यामुळे आरोप न करता "फिल्टर बंद करून आणखी एक पाठवा" एवढंच म्हणा. मेकअपच्या बाबतीत मात्र मला खात्रीने रेघ ओढता येत नाही.

निशिकांत७

चेहरा कापून, सगळे २५६ पिक्सेल रुंदीला आणून पुन्हा मोजले. पानांच्या पार्श्वभूमीचे जे सहा फोटो आधी सर्वांत वर होते ते तळाला गेले. सुलभाताई, फाइल्स द्या, खालचे सत्तर आज रात्री वेगळे करून देतो.